स्वतःची ओळख : पहिलं वाक्य, बोलायला सोपं केलेलं

आधीचं वाक्य : "आदरणीय व्यासपीठ, पूजनीय गुरुजनवर्ग आणि माझ्या प्रिय मित्रमैत्रिणींनो, आज मी माझा अल्पसा परिचय आपणासमोर सादर करीत आहे, तो आपण शांतचित्ताने ऐकून घ्यावा ही नम्र विनंती."

आता बोलायचं ते :

"नमस्कार. मी स्नेहल, तासगाव तालुक्यातल्या सावळजची. आमच्या घरी बेदाणा करतात."

आणि लगेच पुढं :

"पहिल्यांदाच एवढ्या सगळ्यांसमोर उभी आहे, त्यामुळं छातीत धडधडतंय. म्हणून मला जे नीट माहीत आहे तेच सांगते.

द्राक्षं काढली की पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात घड बुडवून काढायचे. त्यानं सालीवरचा मेणासारखा थर सैल होतो आणि आतलं पाणी लवकर निघून जातं. मग ते शेडमधल्या रॅकच्या जाळीवर पसरायचे. थेट ऊन लागू द्यायचं नाही, सावलीत वाऱ्यावरच वाळवायचे, म्हणजे हिरवा रंग टिकतो. चार किलो द्राक्षांचा जेमतेम एक किलो बेदाणा होतो. मार्चमध्ये आभाळ भरून आलं की आई हातातलं काम टाकून शेडला ताडपत्री बांधायला पळते. मला वाटतं, आमच्या घरात सगळ्यात मोठी जोखीम तीच उचलते.

सांगलीच्या बेदाण्याला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा मला अभिमान आहे. पण मी कॉमर्सला आले ते पट्टीमुळं. सौदा झाला की अडत्याकडून पट्टी येते : वजन, दर, हमाली, तोलाई, आणि सगळ्यात खाली हातात येणारी रक्कम. पप्पा ती मला मोठ्यानं वाचायला लावायचे. आकडे कळायचे. पण माल आज विकायचा की कोल्ड स्टोरेजला ठेवून दिवाळीची वाट बघायची, हे कशावरून ठरवायचं ते कळायचं नाही. भाडं चढत जातं, कर्जाचं व्याजही चढत जातं, आणि दर वाढेलच असं कुणी सांगत नाही. हा हिशोब मला स्वतः मांडता यायला हवा. बी.कॉम. त्यासाठीच करतेय.

बाकी, मी रोज एसटीनं येते, कबड्डी आवडते, आणि गणितात टॅलीपेक्षा कागद-पेन बरं वाटतं.

तुमच्यापैकी कुणाच्या घरी हळद किंवा बेदाणा असेल, तर मधल्या सुट्टीत मला भेटा. जुन्या पट्ट्या असतील तर घेऊन या, आपण एकत्र बसून बघू. धन्यवाद."