कंबर वेगळी, खुबा वेगळा

आमचं गाव मुरबाडच्या पुढे, टोकावड्याच्या आधी आत वळलं की. ठाणे जिल्हा म्हटलं की लोकांना तलावपाळी आणि लोकलची गर्दी आठवते, आमच्याकडे मात्र भात कापून झाला की त्याच खाचरात भेंडी लागते आणि भेंडीत लव्हाळा. लव्हाळा ज्यांनी काढलाय त्यांना सांगायला नको. वरून उपटला तर खाली गाठी राहतात आणि आठ दिवसांत परत हिरवागार, त्यामुळे खुरप्याने भागत नाही, कुदळच मारावी लागते.

मी दहावीत होते तेव्हाची गोष्ट. जानेवारी, थंडी, शाळा अकराची, म्हणून बाबा मला सकाळी सहालाच शेतावर न्यायचे, दोन तास कुदळ मारायची, मग अंघोळ, मग शाळा. त्यात २६ जानेवारीची कवायत आणि वर कबड्डीची प्रॅक्टिस. चार-पाच दिवसांत कंबर अशी धरली की बाकावरून उठताना मी बाकाला धरूनच उठायचे, आणि मैत्रिणी म्हणायच्या काय ग म्हातारे.

कबड्डीच्या मॅडमनी ते बघितलं. नवीन आल्या होत्या, पनवेलकडच्या, आगरी. त्यांच्या घरची जमीन त्यांच्या जन्माआधीच नवी मुंबईत गेलेली, त्यामुळे शेतकऱ्याच्या घरच्या असून आयुष्यात कुदळ हातात धरलेली नाही, हे त्या स्वतःच हसत हसत सांगायच्या. मला विचारलं काय होतंय, मी म्हटलं काही नाही मॅडम, पोटात दुखतंय. त्या म्हणाल्या पोटात दुखलं की कोणी कमरेवर हात ठेवून चालत नाही, खरं सांग.

सांगितलं. मग त्यांनी झेंड्याची काठी आणली, माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या मार कुदळ इथेच. सगळ्या पोरींसमोर, ग्राऊंडवर. मी मारली. सगळ्या हसल्या, मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, दाराची बिजागरी कुठे असते? मी म्हटलं कडेला. "मग तू दार मधोमध का दुमडतेयस?"

मला काही कळेना. मग त्यांनी माझा हात धरून माझ्याच कमरेवर ठेवला, मागे, जिथे दुखत होतं तिथे, म्हणाल्या ही कंबर, इथे लहान लहान मणके, मधे गाद्या, हे वाकतात थोडे थोडे पण ओझं घेऊन दिवसभर वाकायला नाहीत. मग हात खाली, मांडी जिथे धडाला जोडते तिथे. हा खुबा. खोबणीत गोळा बसवलेला मोठा सांधा, आणि त्याच्या मागे अंगातले सगळ्यात दांडगे स्नायू, बैठकीचे आणि मांडीच्या मागचे. तू कमरेत वाकतेस तेव्हा पाठीची कमान होते, ते दांडगे स्नायू नुसते बसून राहतात आणि छाती, डोकं, हात, वर कुदळ, एवढं सगळं वजन पाठीवर लोंबतं.

आता बघा, आपल्याकडे सगळे म्हणतात कमरेत वाक. आई म्हणते, आजी म्हणायची, कवायतीचे सर पण म्हणायचे. मराठीत वाकायची जागाच चुकीची सांगितलीय असं मला तेव्हा वाटलं आणि अजून वाटतं.

मग काठी पाठीवर उभी लावली. डोक्याचा मागचा भाग, दोन खांद्यांच्या मधला भाग आणि खाली माकडहाड, तीन ठिकाणी काठी टेकली पाहिजे, आणि आता वाक, एकही जागा सुटता कामा नये. मी वाकले की माकडहाड सुटायचं. चार वेळा सुटलं. मग मॅडम म्हणाल्या पुढे वाकायचा विचारच करू नकोस, ढुंगण मागे ढकल, हातात दोन पिशव्या असताना मागचं दार ढकलतेस ना तसं, गुडघे जरा सैल सोड. आणि झालं! छाती आपोआप खाली आली, काठी तिन्ही ठिकाणी टेकलेली, मांडीच्या मागे असा ताण आला की मी ओरडलेच. त्या म्हणाल्या तिथेच दुखू दे.

मग त्यांनी जे विचारलं त्यावर मी गप्पच झाले. "चढाईला आलेलीचा घोटा धरायला तू कशी उभी असतेस?" मी उभी राहिले. ढुंगण मागे, पाठ सरळ, गुडघे सैल, वजन तळपायाच्या मधोमध. तेच! ग्राऊंडवर रोज करत होते आणि शेतात जाऊन विसरत होते.

रविवारी मॅडम खरंच शेतावर आल्या, एसटीने. बाबा काही खूश नव्हते. म्हणाले, "बाय, कुदळ कवायतीत नाय चालत." मॅडमनी दहा मिनिटं कुदळ मारली आणि तळहाताला दोन फोड आणले, कारण त्या दांडा मुठीत आवळत होत्या. आईने त्यांना शिकवलं की मारताना सैल धरायचं, माती फुटताना फक्त आवळायचं. मॅडम लगेच शिकल्या. पण त्यांची पाठ बघण्यासारखी होती, कुदळ वर जाताना त्या खुब्यातून उघडायच्या आणि खाली येताना खुब्यातूनच मिटायच्या, म्हणजे हाताचा जोर कमी आणि सगळ्या अंगाचं वजन कुदळीमागे. जिममध्ये वजन उचलतात तेच आहे म्हणाल्या, फक्त इथे माती आहे.

एक गोष्ट त्यांनी लगेच पकडली. आमच्या कुदळीचा दांडा एकदा तडकला होता आणि बाबांनी तो कापून तसाच वापरलेला, त्यामुळे कितीही नीट वाकलं तरी शेवटी पाठ गोल करूनच माती गाठायची. (पुढे कॉलेजात असताना वाचलं, अमेरिकेत कॅलिफोर्नियात मजुरांच्या पाठी जातात म्हणून १९७५ मध्ये आखूड दांड्याच्या कुदळीवर बंदीच आली होती. बाबांना फोन करून सांगितलं, ते म्हणाले बरं.) दुसरं म्हणजे सहाला उठून सरळ कुदळ नको. रात्रभर आडवं झोपून मणक्यातल्या गाद्या पाणी धरून फुगतात, म्हणून सकाळी आपण जरासे उंच असतो म्हणे, तेव्हा खूप वाकलं की त्यांच्यावर जास्त ताण. आधी चहा घे, फिर, बैलांना वैरण टाक, मग ये. आणि एकच पाय सारखा पुढे नको, एक सरी उजवा, एक सरी डावा.

जादू वगैरे काही झाली नाही हां. पहिले तीन दिवस मांड्या मागून इतक्या भरल्या की शाळेच्या जिन्यावर हाल. घाई झाली की परत कमरेतून वाकायचे, आईने "ढुंगण!" म्हणून ओरडायचं, शेजारच्या शेतातली माणसं बघायची. पण आठवड्याने बाकावरून हात न टेकता उठले. भेंडीच्या सऱ्या मात्र तेवढ्याच होत्या.

महिनाअखेरीला बाबा मुरबाडच्या बाजारातून आले, खांद्यावर नवा दांडा. काही बोलले नाहीत, मला उभं करून माझ्या छातीला लावून बघितला आणि खाली दोन बोटं तासला.

त्याच रात्री मी पाणी प्यायला उठले तर गोठ्यापाशी दिवा लागलेला. बाबा पाठीला तो दांडा लावून वाकायला बघत होते आणि आई बाजूला पदराने तोंड दाबून उभी.

"डोक्याला नाय टेकत गं."

"वर कशाला बघताय, खाली बघा. आनी मागं ढकला."

"किती मागं?"

"म्हशीला लागंपर्यंत."