विषय: सप्लायर क्वालिटीत बदलीबद्दल, फॉर्म भरण्याआधी थोडी विचारणा

मॅडम, नमस्कार.

मी इनकमिंग इन्स्पेक्शनचा अमोल चौगुले. फेब्रुवारीत हब कास्टिंगच्या भानगडीत तुमच्या टीममधल्या जोशीसरांबरोबर एक दिवस शिरोलीला गेलो होतो, आणि नंतरच्या रिव्ह्यूत न विचारता मधेच बोललो होतो, तोच मी. हा मेल आधी इंग्रजीत लिहायला घेतला होता, पण तो दुसऱ्याच कुणाचा तरी वाटायला लागला, म्हणून मराठीतच लिहितो.

मला तुमच्या विभागात काम करायची इच्छा आहे. आयजेपीचा फॉर्म अजून भरलेला नाही. तो एकदा सिस्टीममध्ये गेला की माझे सर, एचआर, प्लँट हेड असा सगळीकडे फिरतो. तुमच्याकडे जागाच नसेल, किंवा मी तुमच्या कामाचा नसेन, तर नुसती चर्चा होऊन बसते. म्हणून आधी तुम्हालाच विचारावं म्हटलं.

इनकमिंगला मला दोन वर्षं नऊ महिने झाले. त्याआधी दीड वर्ष मशीन शॉपला लाइन इन्स्पेक्टर होतो. शिक्षण मेकॅनिकल डिप्लोमा, कोल्हापूरच्या गव्हर्न्मेंट पॉलिटेक्निकचा. बाकी सगळं एचआरकडे आहेच. पण सप्लायर क्वालिटीच का, हे त्या हबवरूनच सांगता येईल.

मशीन शॉपची ओरड होती की फ्लँजच्या कडेला ड्रिल तुटतायत, इन्सर्ट उडतायत. आमचा इनकमिंगचा रिपोर्ट मात्र स्वच्छ होता. ड्रॉइंगवर हार्डनेस बघायची जागा जाड बॉसवर दिली आहे. तिथे 207, 212 असे आकडे येत होते, म्हणजे 187 ते 241 च्या आत अगदी आरामात. दोन दिवस मशीन शॉप आणि आम्ही एकमेकांकडे बोट दाखवत बसलो. तिसऱ्या दिवशी मी एका रिजेक्ट नगाची पातळ कड हातोडीने मोडून बघितली. मोडलेल्या जागी राखाडी दाणा दिसायला हवा होता, तिथे पांढरी चकाकी होती. चिल. पण सगळ्या नगांत नाही, एकाच हीटच्या मालात काही ठीक आणि काही असे.

रात्री घरी फोनवर हे वडिलांना सांगितलं. ते शिरोलीतच 28 वर्षं मोल्डर होते. त्यांनी फार काही विचारलं नाही. "लॅडल संपत येताना ज्या पेट्या भरतात, त्यातलाच माल असणार. बघ जाऊन," एवढंच म्हणाले.

जोशीसरांबरोबर गेलो तेव्हा मी मोबाइलवर वेळ लावून उभा राहिलो. इनॉक्युलंट लॅडलमध्ये सुरुवातीलाच एकदम टाकत होते. मग क्रेनची वाट, मग चौदा पेट्या. पहिल्या पेटीपासून शेवटच्या पेटीपर्यंत अकरा मिनिटं गेली. तोवर इनॉक्युलंटचा असर उतरत आलेला असतो, आणि पातळ कड आधी गार होते, म्हणून चिल तिथेच धरते. आता गंमत अशी की वेज टेस्ट ते इमानाने करत होते, पण वेज ओतत होते लॅडलच्या सुरुवातीच्या धातूतून. ती पास होणारच! रिव्ह्यूत मी मधे बोललो ते हेच, की वेज शेवटच्या पेटीनंतर ओता. पुढचं सगळं, म्हणजे ओतण्याच्या वेळेची मर्यादा, धारेत इनॉक्युलंट टाकण्याची सोय, 8डी, हे जोशीसरांनी आणि तुम्ही केलं. त्याचं श्रेय मी घेत नाही. मार्चपासून चिलसाठी त्या हबचा एकही नग मशीन शॉपने परत पाठवलेला नाही, हे मात्र मी रोज रजिस्टरमध्ये बघतो.

त्या दिवसापासून इनकमिंगचं टेबल मला थोडं लहान वाटायला लागलंय. आमच्याकडे गाडी येते तेव्हा जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. आम्ही फक्त शिक्का मारतो, हिरवा नाहीतर लाल. मला जिथे माल तयार होतो तिथे उभं राहायचंय.

आता उणी बाजू. पीपॅप मी एकट्याने कधी केलेलं नाही, फक्त फाइल तपासल्या आहेत. कास्टिंग आणि मशीनिंग मला कळतं. रबर आणि प्लॅस्टिकचं ज्ञान मात्र गो-नोगो गेज लावण्यापुरतंच. सप्लायरच्या मालकासमोर बसून "हा लॉट परत न्या" असं सांगायची वेळ माझ्यावर अजून आलेली नाही. ते जमेल असं वाटतं, पण केलेलं नाही.

एक गोष्ट तुमच्या मनात येईल, म्हणून मीच बोलतो. तुमचे बरेच फाउंड्री सप्लायर शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल भागातले आणि माझं घर कोल्हापूरला. घराजवळ जायला मिळावं म्हणून हा बदली मागतोय, असं वाटू शकतं. महिन्यातून एखादी रात्र आईच्या हातचं जेवायला मिळालं तर नको म्हणणार नाही. पण मला तळवडे, भोसरी किंवा साताऱ्याचे सप्लायर दिलेत तरी माझी तक्रार नसेल.

तुमच्याकडून मला तीन-चार गोष्टी कळल्या तर बरं होईल. दिवाळीनंतर तुमच्याकडे एखादी जागा निघण्यासारखी आहे का? मागच्या वेळी आयजेपीत बीई मागितलं होतं. ती अट पक्की असते, की अनुभव बघून डिप्लोमावाल्याचा विचार होतो? आणि पक्कीच असेल, तर मी पार्ट-टाइम बीईला आता नाव घालावं का, हेही सांगा. तिसरं म्हणजे, तोपर्यंत तुमच्या एखाद्या सप्लायर ऑडिटला मला मदतनीस म्हणून नेता येईल का? माझ्या सुट्टीच्या दिवशी असलं तरी चालेल. ग्रेड आणि पगाराचं मी आत्ता काहीच विचारत नाही.

माझ्या सरांशी मी अजून बोललेलो नाही. त्यांच्याबद्दल कसलीही नाराजी नाही, उलट कड मोडून बघायला त्यांनीच परवानगी दिली होती. सध्या आम्ही इनकमिंगला तिघंच आहोत आणि आयएटीएफचं ऑडिट तोंडावर आहे, अशा वेळी नुसत्या शक्यतेवरून त्यांच्या डोक्याला ताप द्यायला नको वाटतं. तुमच्याकडून "विचार करण्यासारखं आहे" एवढं कळलं, की त्याच दिवशी मी स्वतः त्यांना सांगेन. तोवर हे आपल्यातच राहिलं तर बरं. त्यांना आधी विचारल्याशिवाय तुम्हाला बोलणं योग्य वाटत नसेल, तर तसं कळवा, मी आधी त्यांच्याकडे जातो. आणि जमलंच, तर माझ्या जागी येणाऱ्याला तयार करायला दोन महिने थांबायची माझी तयारी आहे.

या आठवड्यात मी फर्स्ट शिफ्टला आहे, साडेतीनला सुटतो. पंधरा मिनिटं देता आली तर कधीही येतो. शुक्रवारी मात्र त्याच फाउंड्रीची गाडी यायची आहे, त्या दिवशी मला उशीर होईल. शेवटच्या पेट्यांचे नग अजूनही मी स्वतःच बघतो.

आपला,
अमोल चौगुले
इनकमिंग इन्स्पेक्शन, चाकण प्लँट