जपानी पद्धतीचा व्हिस्की हायबॉल : दोन ग्लास, घरच्या फ्रीजवर

हायबॉलमध्ये व्हिस्की, सोडा आणि बर्फ एवढंच असतं. त्यामुळे चूक झाकायला काहीच उरत नाही. जपानमधल्या बारमध्ये हा ग्लास वेगळा लागतो, कारण सोड्याची बाटली उघडायच्या आधीच तिथे सगळं गार झालेलं असतं आणि सोडा पडल्यावर त्याला कोणी फारसा हात लावत नाही. १९५०च्या दशकात टोरिस ही स्वस्त व्हिस्की देणाऱ्या टोरिस बारमुळे हे पेय तिथे घरोघरी माहीत झालं. पुढे मागे पडलं, आणि २००८च्या सुमारास सनटोरी या जपानी कंपनीने १९३७पासून विकल्या जाणाऱ्या आपल्या काकुबिन व्हिस्कीसोबत ते इझाकायांमध्ये, म्हणजे तिथल्या खाण्यापिण्याच्या साध्या बारमध्ये, पुन्हा रुजवलं.

खालची मापं दोन ग्लासांची आहेत. ओट्यावर ३५ अंशांची उष्णता असलेला मे महिना आणि साधा दोन दारांचा फ्रीज धरून ती लिहिली आहेत.

साहित्य

व्हिस्की ९० मिली (प्रत्येकी ४५)
साधा सोडा ३०० मिलीच्या दोन न उघडलेल्या बाटल्या (प्रत्येक ग्लासात १८० मिली)
बर्फ साधारण ३०० ग्रॅम, मोठे तुकडे. शिवाय थोडा जास्तीचा
पिवळ्या लिंबाच्या सालीचे दोन तुकडे, अंगठ्याएवढे
सरळ, उंच, पातळ काचेचे ३५० ते ४०० मिलीचे दोन ग्लास
लांब दांड्याचा चमचा, पेग मोजायचं माप

प्रमाण

एकास चार हे प्रमाण धरा. ४० टक्क्यांच्या व्हिस्कीत ते साधारण ८ टक्क्यांवर येतं, बर्फाचं पाणी मिसळल्यावर आणखी किंचित खाली. जेवणाबरोबर, तळलेल्या कोंबडीबरोबर किंवा खाऱ्या दाण्यांबरोबर प्यायला हेच योग्य. नुसतंच प्यायचं असेल, किंवा व्हिस्की धुरकट असेल आणि तो धूर पुढे यायला हवा असेल, तर एकास तीन करा. त्याच्या अलीकडे जाऊ नका, कारण मग गॅस कमी पडतो आणि पेय जड लागतं. निक्का फ्रॉम द बॅरलसारखी ५१.४ टक्क्यांची व्हिस्की असेल तर ४५ऐवजी ३५ मिली घ्या, सोडा तेवढाच ठेवा. माप अंदाजाने घालू नका. १० मिली व्हिस्की जास्त पडली तरी चव ओळखू येण्याइतकी बदलते.

काकुबिन किंवा तोकी यांसारखी हलकी ब्लेंड यासाठी उत्तम. ती नसेल तर धूर नसलेली साधी ब्लेंडेड स्कॉच चालते. शेरीच्या पिंपातली गोडसर, जड व्हिस्की इथे वाया जाते.

आदल्या दिवशी

सोडा फ्रीजच्या दारात ठेवू नका. दार सारखं उघडतं, तिथे तो पुरेसा गार होत नाही. आतल्या बाजूला, मागे, रात्रभर ठेवा. कर्बवायू गार पाण्यात टिकतो आणि कोमट पाण्यातून पळतो. शून्य अंशाजवळचं पाणी २० अंशांच्या पाण्याच्या जवळजवळ दुप्पट वायू धरून ठेवतं. पुढची सगळी काळजी या एका गोष्टीपुढे दुय्यम आहे. मोठी बाटली घेऊ नका. एकदा उघडून परत लावलेल्या सोड्यात पहिल्या ग्लासाचा जोर राहत नाही.

व्हिस्की थेट फ्रीझरमध्ये ठेवा. ४० टक्क्यांची दारू घरच्या फ्रीझरमध्ये गोठत नाही. ग्लासही तिथेच अर्धा तास ठेवा, पण उपडे, म्हणजे आत दहिवर धरणार नाही. आतल्या बर्फाच्या कणांवर बुडबुडे धरतात आणि गॅस फुकट उडतो. त्याच कारणाने ग्लास पंच्याने पुसू नका, धागे काचेला चिकटून राहतात. स्वच्छ धुऊन निथळू द्या.

बर्फ ट्रेमधल्या छोट्या खड्यांचा नको. ते लवकर विरघळतात आणि सोडा पाणचट होतो. झाकण नसलेला छोटा थर्माकोलचा डबा पाण्याने भरून फ्रीझरमध्ये ठेवा. पाणी वरून खाली गोठत जातं आणि हवा तळाशी ढकलली जाते. पूर्ण गोठायच्या आत, साधारण १८ ते २४ तासांनी काढा, तळाचा पांढुरका भाग टाकून द्या आणि उरलेली नितळ लादी सुरीने फोडा.

कृती

बर्फ काढून दोन-तीन मिनिटं बाहेर ठेवा. वरची पांढरी भुकटी जाऊन तो ओलसर, चकचकीत झाला की वापरा. कोरड्या बर्फाळ पृष्ठभागावर द्रव पडला की तुकडे तडकतात आणि त्या खरबरीत कडांवर गॅस सुटतो.

ग्लास काठापर्यंत बर्फाने भरा. चमच्याने बर्फच फिरवा, मग खाली साचलेलं पाणी ओतून टाका. ही पायरी गाळली तर प्रमाण पहिल्या घोटापासूनच बिघडतं.

व्हिस्की घाला आणि आता मनसोक्त ढवळा. जपानी बारटेंडर साडेतेरा फेरे सांगतात. खूण अशी की ग्लास बाहेरून धुरकट व्हायला हवा. व्हिस्की फ्रीझरमधली असेल तर चार-पाच फेरे पुरतात. बर्फ खाली बसला असेल तर एक तुकडा वरून घाला.

बाटली उघडा आणि लगेच ओता. ग्लास किंचित कलता धरा, बाटलीचं तोंड काठाजवळ आणा आणि बर्फ व काच यांच्या फटीतून बारीक धार सोडा. बर्फावर धार आदळू देऊ नका. सोडा व्हिस्कीपेक्षा जड असतो, तो आपोआप खाली जाऊन तिला वर ढकलतो. म्हणूनच मिसळायचं बहुतेक काम ओततानाच होऊन जातं.

आता चमचा काचेला लागून तळापर्यंत न्या, खालचा बर्फ एकदाच हळू उचला आणि सोडा. एवढंच. गोल फिरवायचं नाही. तीन-चार फेऱ्यांतच बुडबुडे वर येऊन फुटताना दिसतील, आणि गेलेला गॅस परत आणता येत नाही.

सालीची बाहेरची बाजू ग्लासाकडे करून ती वरून दाबा, तेलाचा फवारा उडेल. साल काठाला पुसून टाकून द्या. पांढरा गर जितका कमी तितका कडवटपणा कमी. लिंबाची फोड आत टाकू नका, गराच्या रेषांवर गॅस सुटतो. रस हवाच असेल तर काकुबिन हायबॉलप्रमाणे बर्फाआधी रिकाम्या ग्लासात पिळा. चाट मसाला किंवा मीठ घालायची आपली सवय इथे बाजूला ठेवा, कण पडताच सोडा उसळून सपाट होतो. स्ट्रॉही नको.

काय बिघडलं ते कसं ओळखाल

ओततानाच भरपूर फेस आला, तर सोडा कोमट आहे किंवा बर्फावरची पांढरी भुकटी नीट गेलेली नाही. पहिले घोट तीव्र आणि शेवटचे पाणचट लागले, तर उचलण्याची ती एक हालचाल राहून गेली आहे. पाच मिनिटांत बेचव झाला, तर बर्फ लहान होता. चव बरोबर पण वास विचित्र आला, तर फ्रीझरमधल्या मासळीचा किंवा मसाल्याचा वास बर्फाला लागला आहे.

पाहुणे सहा असले तरी जगमध्ये मिसळून ठेवू नका. २७० मिली व्हिस्की फ्रीझरमध्ये, सहा बाटल्या सोडा मागे आणि दीड किलो बर्फ तयार ठेवा, आणि ग्लास दोन-दोन करून भरा. दुसऱ्या फेरीला नवा बर्फ घ्या.

बर्फाशिवाय

कोबेत सुरू झालेल्या साम्बोआ बारमध्ये हायबॉल बर्फाविनाच देतात. घरी करायचा तर फ्रीझरमधली व्हिस्की ६० मिली आणि सोडा १८० मिली, म्हणजे एकास तीन. विरघळायला काही नसल्याने प्रमाण शेवटपर्यंत तसंच राहतं. ग्लास २५० ते ३०० मिलीचा, फ्रीझरमधून थेट काढलेला. सोडा इथे उभा, एका दमात ओततात आणि चमचा अजिबात घालत नाहीत. गारवा टिकतो तोवर, दहा मिनिटांच्या आत, संपवायचा.