सातवी ब, मोठ्या सुट्टीनंतरचा तास

(तालुक्याच्या गावातली अनुदानित शाळा. शाळा सुटल्यानंतरची शिक्षक खोली. बाई या शाळेतल्या ज्येष्ठ गणित शिक्षिका. सर जूनपासून शिक्षणसेवक म्हणून रुजू. आज बाई सरांच्या तासाला मागच्या बाकावर बसल्या होत्या.)

सर: मॅडम, तुम्ही मागे होतात म्हणून आज पोरं जरा तरी वचकून होती. एरवी याच्या दुप्पट गोंधळ असतो. तासाच्या शेवटी माझा घसा बसलेला असतो.

बाई: घसा बसतो, कारण 54 मुलांच्या आवाजावर तुम्ही आपला आवाज चढवता. तुमचा चढला की त्यांचाही चढतो. पण आधी हा कागद बघा. मी मुलांची नावं टिपली नाहीत, घड्याळ टिपलंय.

सर: 2:00 घंटा. 2:03 सर वर्गात. 2:07 पर्यंत हजेरी. 2:13 पर्यंत वह्यावाटप. 2:14 ला पहिलं उदाहरण फळ्यावर...

बाई: तास 35 मिनिटांचा. त्यातली पहिली 14 मिनिटं मुलांच्या हाताला काहीही काम नव्हतं. मोठ्या सुट्टीत धावून, घामेजून आलेली बारा-तेरा वर्षांची पोरं रिकामी बसवली, तर ती बोलणारच. आणि गोंधळ कुठे वाढला ते बघा. वह्या वाटताना, तुम्ही चार मिनिटं पाठ करून लिहीत होतात तेव्हा, आणि शेवटी हुशार मुलांची गणितं झाली तेव्हा. शिकवणं रंगलं होतं तेव्हा वर्ग शांतच होता. मुलं वांड आहेत हे डोक्यातून काढा. तासात भोकं आहेत, ती बुजवायची.

सर: हजेरी तर घ्यावीच लागते.

बाई: घ्याच, पण नंबर पुकारून नको. एका नंबरला चार सेकंद धरले तरी साडेतीन मिनिटं जातात. तुमच्या वर्गात बाकांच्या तीन रांगा, रांगेत सहा बाकं, बाकावर तीन मुलं. जागा ठरवून द्या आणि त्याचा नकाशा जाड कागदावर काढून हजेरीपटाला चिकटवा. मुलं लिहीत असताना नकाशावरून नजर फिरवली की रिकाम्या जागा कळतात. अर्ध्या मिनिटाचं काम. आणि नावं आपोआप पाठ होतात. आज तुम्ही सहा वेळा ‘ए, मागचा’ म्हणालात. मागे अठरा मुलं आहेत, त्यातल्या कोणालाच ते आपल्याला म्हटलंय असं वाटत नाही.

सर: पण ती लिहीत असणार कधी? वर्गात आल्यावर पाच मिनिटं तर नुसती बाकावर चढउतार चालते.

बाई: म्हणून फळ्यावर काम आधीच हवं. सुट्टी संपायच्या आधी जाऊन तीन प्रश्न लिहून ठेवा. पहिला सगळ्यांना येईलच असा, म्हणजे पूर्णांकांच्या गुणाकारात 6 × (−4). दुसरा कालच्या भागावरचा. तिसरा जरा डोकं खाणारा. वर कोपऱ्यात लिहा, ‘2:06 पर्यंत’. मग तुम्ही दारात उभे राहा. फळ्याजवळ नाही, दारात. मूल आत येताना नावाने हाक मारा, ‘वही काढ, पहिला प्रश्न सुरू कर’ एवढंच सांगा. ढकलाढकली दारातच विरते. पहिला प्रश्न अवघड घालू नका, ही चूक बरेच जण करतात. जमला नाही की कच्चं मूल पेन खाली ठेवतं आणि शेजारच्याकडे वळतं.

सर: आणि वह्या? मी नावं घेऊन एकेकाला बोलावतो.

बाई: म्हणजे 54 मुलं आळीपाळीने उठतात आणि येताजाता एकमेकांना टपल्या मारतात. वह्या तपासून झाल्या की बाकानुसार लावून ठेवा, अठरा बाकांचे तीन गठ्ठे. रांगेच्या पहिल्या बाकावरचा रांगप्रमुख आपला गठ्ठा घेतो, आपल्या तीन काढून उरलेल्या मागे देतो. मिनिटभरात होतं. पण आधी एकदा नुसता सराव करून घ्यावा लागेल. पहिल्यांदा वह्या खाली पडतील, कोणीतरी फेकेल. रागावू नका, ‘परत एकदा’ म्हणून गठ्ठे पुढे मागवा आणि पुन्हा वाटायला लावा. तिसऱ्या वेळी नीट जातं.

सर: मी वर्गप्रमुखाला बडबड करणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहायला सांगतो. त्याचा थोडा उपयोग होतो.

बाई: तो प्रकार मात्र उद्यापासून बंद करा. वर्गप्रमुख मित्रांची नावं गाळतो, ज्याच्याशी भांडण त्याचं आधी लिहितो. मग ‘मी बोललोच नव्हतो’वर पाच मिनिटं जातात. काही मुलांना तर नाव फळ्यावर झळकलेलं आवडतंसुद्धा. प्रमुखाला पोलीस करू नका. त्याला वह्या, डस्टर, खिडक्या अशी कामं द्या आणि दर सोमवारी मुलं बदला. तासात आवाज काढणारा तुमचा तो साहिलही त्यात यायला हवा.

सर: गप्प करायला मग करायचं काय? ‘शांत बसा’ मी किती वेळा म्हणतो ते तुम्ही ऐकलंत.

बाई: ऐकलं. तुम्ही ते म्हणता आणि त्याच श्वासात पुढचं शिकवायला लागता. मुलांना कळतं की शांत बसलं नाही तरी गाडी पुढे जातेच. एकच खूण ठरवा. तुम्ही दोन टाळ्या वाजवायच्या, वर्गाने तीन, आणि पेन खाली, नजर तुमच्याकडे. तुमचा हात वर. मग थांबायचं, आणि खरंच थांबायचं. दहा मुलं बोलत असतील तर तोंडातून शब्द काढू नका. जी रांग तयार आहे तिचं नाव घ्या, ‘दाराकडची रांग तयार. मधली तयार.’ खिडकीकडची रांग आपोआप बघायला लागते. तासाला ही खूण दोन-तीनदाच वापरा. दर पाच मिनिटांनी टाळ्या वाजल्या तर आठवड्यात तिचा खेळ होतो.

सूचना देताना क्रमही बदला. आज तुम्ही म्हणालात, ‘वह्या काढा, पान 18 वरची पहिली चार गणितं करायची, समास सोडा.’ ‘वह्या काढा’ म्हटल्याबरोबर दप्तरांचे आवाज सुरू झाले, पुढचं कोणी ऐकलंच नाही. मग वीस जणांनी विचारलं, ‘सर, कुठलं पान?’ तो सगळा गोंधळ तुमच्या वाक्याने केला. आधी काम, मग वेळ, आणि शेवटी ‘करा सुरू’. पानाचा आणि गणितांचा नंबर फळ्यावर. एका मुलाकडून सूचना परत वदवून घ्या, शक्यतो मागच्या बाकावरच्या. ‘समजलं का?’ विचारू नका, त्यावर ‘होऽऽ’ ठरलेलं असतं.

सर: शेवटची दहा मिनिटं ज्यांचं लवकर होतं, ती तर अंगावरच येतात. ‘सर झालं, सर झालं!’

बाई: फळ्याच्या उजव्या कडेला दोन जादा गणितं कायम ठेवा. सर्वांनी चार करायची, ज्यांचं झालं त्यांनी कडेची. आणि तुम्ही टेबलापाशी वह्या तपासत बसू नका, तिथे घोळका होतो. तुम्ही फिरायचं. तुमची शेवटची बाकं भिंतीला टेकलेली आहेत, सगळ्या रांगा हातभर पुढे घ्या, मागून जाता आलं पाहिजे. आज तुम्ही फळ्यापासून तिसऱ्या बाकाच्या पलीकडे एकदाही आला नाहीत.

कोणी बोलत असेल तर लांबून नाव घेऊ नका. शिकवणं चालू ठेवत त्याच्याजवळ जा, बाकावर दोन बोटं ठेवा. पुरत नसेल तर वाकून, त्यालाच ऐकू जाईल असं, ‘तिसरं गणित. दोन मिनिटांनी बघायला येतो.’ आणि लगेच निघून जा. उभं राहिलात तर तो चारचौघांत मान खाली घालणार नाही, उलट उत्तर देईल. दोन मिनिटांनी मात्र जाच. आला नाहीत तर पुढच्या वेळी बोटांना अर्थ उरत नाही.

सर: साहिलवर हे चालत नाही. चालू तासात काहीतरी आवाज काढतो. खरं सांगू? एकदा वाटलं एक लगावावी.

बाई: हात लावायचा नाही. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 प्रमाणे शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना बंदी आहे. अंगठे धरायला लावणं, बाकावर उभं करणं, सगळ्यांसमोर ‘मठ्ठ’ म्हणणं, सगळं त्यात येतं. कायदा बाजूला ठेवला तरी पोरगं मारातून एवढंच शिकतं की सर बाहेर गेले की रान मोकळं. पीटीचा तासही काढून घेऊ नका. ज्याला पळायची सर्वांत जास्त गरज, त्यालाच बसवून ठेवलं तर पुढचा तास तुमच्याच डोक्यावर येतो. आणि एकासाठी सगळ्या वर्गाला शिक्षा तर मुळीच नको, बाजूने असलेली चाळीस मुलं विरोधात जातात.

साहिलचं मी बारकाईने पाहिलं. दोन वेळा आवाज काढला, दोन्ही वेळा तुम्ही शाब्दिक उदाहरण मोठ्याने वाचायला लावत होतात आणि पाळी त्याच्या बाकाकडे येत होती. माझा अंदाज आहे, त्याला सलग वाचता येत नाही. ते उघडं पडण्यापेक्षा वर्गाबाहेर जाणं त्याला परवडतं. उद्या तास संपल्यावर बाजूला घेऊन चार ओळी वाचून घ्या, कोणी नसताना. तसंच असेल तर वर्गात वाचायला उठवू नका, फळ्यावर आकडेमोड करायला बोलवा. त्यात तो चांगला आहे. वाचनाचं मराठीच्या बाईंशी बोलून वेगळं बघू.

आणि मधल्या रांगेत पाचव्या बाकावरची मुलगी सारखी शेजारणीच्या वहीत डोकावते. तुम्ही तिला गप्पा मारते म्हणून ओरडलात. ती डोळे बारीक करून फळा बघते, सर. तिला दुसऱ्या बाकावर आणा आणि घरी निरोप पाठवा, डोळे तपासायला हवेत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत येईल तेव्हा नाव द्याच, पण तोवर थांबू नका.

सर: हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. बरं, पावसाचं काय? वरच्या मजल्यावर पत्रा आहे. सर आली की माझंच मला ऐकू येत नाही.

बाई: तेव्हा शिकवूच नका. त्या दिवसांसाठी लेखी काम तयार ठेवा. सूचना फळ्यावर, मुलं जोडीने सोडवतील. जोडीत बोलतील, बोलू द्या. कामाचा आवाज आणि गोंधळ यातला फरक दोन बाकांजवळ उभं राहिलं की कळतो, बोलण्यात आकडे आहेत की क्रिकेट.

सर: उद्यापासून हे सगळं एकदम...

बाई: एकदम नको, एकही टिकणार नाही. या आठवड्यात दोनच गोष्टी, दारात उभं राहून फळ्यावरचे तीन प्रश्न, आणि वह्या रांगेने. टाळ्यांची खूण पुढच्या सोमवारी. गुरुवारी मी पुन्हा मागे बसते, फक्त पहिली दहा मिनिटं टिपते.

सर: एक अडचण आहे, मॅडम. दोनच्या आधी दारात पोचायचं कसं? सुट्टीत पोषण आहाराची देखरेख माझ्याकडे आहे. शेवटची ताटं धुऊन होईपर्यंत मी खालीच असतो.

बाई: अच्छा, म्हणजे ती तीन मिनिटं तिथे जातात. मग हे तुमचं नाही, वेळापत्रकाचं आहे. मुख्याध्यापकांशी मी उद्या सकाळी बोलते. ज्यांचा सहावा तास मोकळा आहे त्यांच्याकडे शेवटची दहा मिनिटं देता येतील. तुम्ही तीन प्रश्न आत्ताच काढा, मला दाखवूनच घरी जा.