आणीबाणीच्या तरतुदी आणि त्यांच्या गैरवापराला आळा (राज्यशास्त्र, इयत्ता बारावी: दीर्घोत्तरी प्रश्न)

प्रश्न: राज्यघटनेत आणीबाणीच्या तरतुदी का असतात? त्यांचा गैरवापर रोखण्यासाठी कोणती बंधने घातली जातात, ते उदाहरणांसह स्पष्ट करा.

उत्तर:

युद्ध, परकीय आक्रमण, सशस्त्र उठाव किंवा मोठी आपत्ती ओढवली की एरवीच्या गतीने कारभार चालत नाही. विधेयक मांडा, चर्चा करा, मतदान घ्या, एवढा वेळ हाताशी नसतो. म्हणून बहुतेक राज्यघटना अशा काळासाठी कार्यकारी मंडळाला जादा अधिकार देतात आणि काही हक्क तात्पुरते स्थगित करू देतात. अशी तरतूद घटनेत नसेल, तर संकटात सरकार घटनेबाहेर जाऊन तेच करेल आणि त्याला कसलीच मर्यादा उरणार नाही. त्यामुळे तरतूद असणे चूक नाही. प्रश्न आहे तो आणीबाणी संपवण्याची किल्ली कोणाच्या हातात ठेवली आहे, हा. ज्याने आणीबाणी लावली त्याच्याच हाती ती किल्ली राहिली, तर बाकीची बंधने कागदावरच राहतात.

जर्मनीच्या वायमार राज्यघटनेत (1919) हेच झाले. कलम 48 नुसार राष्ट्राध्यक्ष हुकूम काढून कारभार करू शकत होते. त्यावर बंधन होते: संसदेने मागणी केल्यास हुकूम मागे घ्यावा लागे. जुलै 1930 मध्ये संसदेने तशी मागणी केलीही. पण संसद बरखास्त करण्याचा अधिकार राष्ट्राध्यक्षांकडेच होता. त्यांनी ती बरखास्त केली आणि काही दिवसांत तसाच हुकूम पुन्हा काढला. पुढे 27 फेब्रुवारी 1933 च्या रात्री संसदेच्या इमारतीला आग लागली. दुसऱ्याच दिवशी कलम 48 खालीच एक हुकूम निघाला. व्यक्तिस्वातंत्र्य, भाषणस्वातंत्र्य, सभास्वातंत्र्य आणि टपालाची गुप्तता हे हक्क त्याने स्थगित केले. त्या हुकमाला मुदत नव्हती. नाझी राजवट 1945 मध्ये कोसळेपर्यंत तो लागूच राहिला.

भारतीय राज्यघटनेच्या अठराव्या भागात तीन प्रकारच्या आणीबाणी आहेत: राष्ट्रीय (कलम 352), घटक राज्यातील (कलम 356) आणि आर्थिक (कलम 360). आर्थिक आणीबाणी आजवर एकदाही लागू झालेली नाही. राष्ट्रीय आणीबाणी 1962, 1971 आणि 1975 मध्ये जाहीर झाली. पहिल्या दोन वेळी कारण युद्धाचे होते. तिसऱ्या वेळी ‘अंतर्गत अशांतता’ हे कारण दिले गेले. या शब्दांत मोर्चापासून संपापर्यंत काहीही बसवता येते. 25 जून 1975 च्या रात्री पंतप्रधानांच्या सल्ल्यावरून राष्ट्रपतींनी उद्घोषणेवर सही केली. मंत्रिमंडळाची संमती दुसऱ्या दिवशी सकाळी घेण्यात आली, म्हणजे सही आधी आणि विचारणा नंतर. त्याच वर्षी 38 व्या घटनादुरुस्तीने न्यायालयाला या उद्घोषणेची तपासणी करण्यास मनाई केली.

या अनुभवातूनच 1978 ची 44 वी घटनादुरुस्ती आली. तिचे प्रत्येक कलम जणू त्या एकवीस महिन्यांतल्या एकेका घटनेला उत्तर म्हणून लिहिलेले आहे. ‘अंतर्गत अशांतता’ काढून ‘सशस्त्र उठाव’ हे शब्द घातले. मंत्रिमंडळाचा निर्णय राष्ट्रपतींना लेखी कळवल्याशिवाय उद्घोषणा काढता येत नाही. संसदेची मंजुरी पूर्वी दोन महिन्यांत लागे, आता एका महिन्यात आणि विशेष बहुमताने लागते. पुढे दर सहा महिन्यांनी ती नव्याने घ्यावी लागते. न्यायालयीन तपासणीवरची मनाईही उठली. लोकसभेच्या एक दशांश सदस्यांनी लेखी सूचना दिली, तर 14 दिवसांत खास बैठक घ्यावीच लागते आणि तिथे साध्या बहुमताने आणीबाणी नामंजूर करता येते. मला यातला सगळ्यात शहाणपणाचा भाग हाच वाटतो: आणीबाणी लावायला विशेष बहुमत लागते, ती उठवायला साधे बहुमत पुरते.

हक्कांबाबतही असाच धडा घेतला गेला. आणीबाणीत स्थानबद्ध केलेल्यांनी उच्च न्यायालयांत बंदी प्रत्यक्षीकरणाचे अर्ज केले. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात आले, तेव्हा न्या. हंसराज खन्ना यांनी सरकारी बाजूला विचारले की, एखाद्या पोलीस अधिकाऱ्याने वैयक्तिक वैरातून कोणाला ठार मारले, तरी दाद मागता येणार नाही का? आणीबाणी चालू आहे तोवर नाही, असे उत्तर मिळाले. 28 एप्रिल 1976 रोजी न्यायालयाने चार विरुद्ध एक मतांनी सरकारच्या बाजूने निकाल दिला. विरोधातले एकमेव मत खन्ना यांचे होते. पुढच्या वर्षी त्यांची ज्येष्ठता डावलून दुसऱ्या न्यायमूर्तींना सरन्यायाधीश नेमले गेले. 44 व्या दुरुस्तीनंतर कलम 20 आणि कलम 21 यांतील हक्कांची दाद आणीबाणीतही स्थगित करता येत नाही. 1976 चा तो निकाल सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये स्वतःच रद्द ठरवला. जगण्याचा हक्क स्थगित करता येत नाही आणि छळाला कधीही मुभा नाही, हे तत्त्व नागरी व राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या चौथ्या कलमातही आहे.

राज्यांतील राष्ट्रपती राजवटीचा गैरवापर तर वारंवार झाला. 1994 च्या बोम्मई निकालाने सांगितले की, सरकारकडे बहुमत आहे की नाही याचा निर्णय राज्यपालांच्या दालनात नव्हे, विधानसभेच्या सभागृहात व्हावा, आणि उद्घोषणा न्यायालयात तपासता येईल. त्यानंतर राज्य सरकारे अशा रीतीने बरखास्त करण्याचे प्रमाण बरेच कमी झाले.

मुदतीचे बंधन सर्वांत काटेकोर दिसते ते दक्षिण आफ्रिकेच्या घटनेत. वर्णद्वेषी राजवटीने आणीबाणी लादून लोकांना कोंडून ठेवलेले तिच्या कर्त्यांनी अनुभवले होते. कलम 37 नुसार आणीबाणी 21 दिवसांत आपोआप संपते. वाढवायची असेल तर नॅशनल असेम्ब्लीचे बहुमत लागते आणि पुढच्या प्रत्येक वाढीला 60 टक्के मते लागतात. एका वेळी तीन महिन्यांपेक्षा जास्त वाढ देता येत नाही. म्हणजे आणीबाणी जितकी लांबते तितकी ती टिकवणे अवघड होते. याउलट फ्रान्समध्ये 1961 साली अल्जीरियातील सेनापतींचे बंड काही दिवसांतच फसले, तरी कलम 16 चे खास अधिकार सप्टेंबरअखेरपर्यंत चालू ठेवले गेले. मुदतीची तपासणी तिथे 2008 मध्ये आली.

ही बंधने प्रत्यक्षात कशी उपयोगी पडतात, याचे ताजे उदाहरण दक्षिण कोरियाचे आहे. 3 डिसेंबर 2024 च्या रात्री राष्ट्राध्यक्षांनी लष्करी कायदा जाहीर केला आणि नॅशनल असेम्ब्लीचे कामकाजच बेकायदा ठरवले. पण घटनेच्या कलम 77 नुसार असेम्ब्लीने बहुमताने मागणी केली की लष्करी कायदा उठवावाच लागतो. पोलिसांनी फाटके अडवल्यामुळे काही सदस्य कुंपणावरून उड्या मारून आत गेले. सैनिक इमारतीत शिरले असताना 300 पैकी 190 सदस्यांनी मतदान केले, आणि सर्वांनी एकमताने कायदा उठवण्याची मागणी केली. पहाटेपर्यंत तो उठला होता. 4 एप्रिल 2025 रोजी तिथल्या घटना न्यायालयाने आठही न्यायाधीशांच्या एकमताने त्या राष्ट्राध्यक्षांना पदावरून दूर केले.