लग्नाला यायचंय हं!

ए मंडळी, हातातलं काम बाजूला ठेवा आणि हे नीट वाचा. माझं आणि निखिलचं लग्न ठरलंय! १४ फेब्रुवारी, रविवार, सकाळी ११ वाजता. रविवार मुद्दाम निवडलाय, म्हणजे सुट्टी नाही मिळाली असं कुणी म्हणायला नको. 😄

पत्रिका घरी येईलच, पण त्याआधी तुम्हाला मला स्वतः सांगायचं होतं. परीक्षेच्या आदल्या रात्री माझ्यासोबत जागलात, पहिली नोकरी सुटली तेव्हा तासन्‌तास फोनवर माझं रडणं ऐकलंत. त्यामुळे त्या दिवशी तुम्ही समोर दिसला नाहीत तर मला खरंच चैन पडणार नाही. निखिललाही तुम्हा सगळ्यांना भेटायचंय, नावानिशी ओळखतो तो तुम्हाला!

शक्यतो शनिवारी संध्याकाळीच या. राहायची सोय केलीये, रात्रभर गप्पा मारू. घरच्यांना, पिल्लांनाही घेऊन या. आहेर वगैरे काही आणू नका, फक्त या.

किती जण येताय ते २५ जानेवारीपर्यंत इथेच कळवा, म्हणजे खोल्या सांगून ठेवते. हॉलचं लोकेशन ग्रुपवर पिन केलंय.

वाट बघतेय. ❤️