तीन पुडांच्या स्टीलच्या डब्याच्या एआय चित्रांसाठी प्रॉम्प्ट (दुकानाच्या दिवाळी कॅटलॉगसाठी)

१. मुख्य फोटो

स्टेनलेस स्टीलचा तीन पुडांचा जेवणाचा डबा, स्टुडिओत काढलेला खरा फोटो. तिन्ही पूड एकाच मापाचे: व्यास १४ सेंमी, प्रत्येकाची उंची ५ सेंमी. वरच्या पुडाचं बूड किंचित आत घेतलेलं आणि खालच्या पुडाच्या काठात नीट बसलेलं, मधे केसाएवढीच काळी फट. तिन्हींचा मध्य एकाच उभ्या रेषेत. डाव्या-उजव्या बाजूंना एकेक सपाट उभी पट्टी, प्रत्येक पुडाच्या कानातून सरळ वर जाणारी. एका बाजूचे तिन्ही कान एकाखाली एक. धरायची कडी मागे पाडलेली. कॅमेरा सर्वांत वरच्या पुडाच्या काठापेक्षा जरासाच वर, लेन्स १०० मिमी, उभ्या रेषा उभ्याच राहाव्यात. तिन्ही काठांचे लंबगोल आडवे, एकमेकांना समांतर, खालचा वरच्यापेक्षा थोडा अधिक फुगीर. अंगावर खिडकीच्या उजेडाचा एकच उभा पट्टा, तिन्ही पुडांवरून न तुटता खाली उतरणारा. पार्श्वभूमी कोऱ्या मांजरपाटाच्या रंगाची. चौकट उभी, ४:५.

नको: झुकलेला डबा, चौथा पूड, लहान-मोठे पूड, कानात न शिरता हवेत तरंगणारी पट्टी, आरशासारखी चकाकी, अक्षरं.

(उजेडाच्या पट्ट्याचं वाक्य प्रॉम्प्टमधून वगळू नये. पूड सरकला की पट्टा तिथेच मोडतो, चूक लगेच सापडते.)

२. झाकण, वरून

त्याच डब्याचं झाकण, कॅमेरा बरोबर डोक्यावर. ब्रश फिनिश: मध्यापासून काठापर्यंत अतिशय बारीक, एककेंद्री गोल ओरखडे, लेथवर फिरवून आल्यासारखे. उजेड डावीकडून एकाच ठिकाणाहून. त्यामुळे झाकणावर डमरूच्या आकाराची चमक, मध्यात निमुळती, काठाकडे रुंद. बाकी झाकण मऊ राखाडी. काठाची अर्धा सेंमी गोट मात्र पॉलिश केलेली. एका जागी बोटाचा पुसट ठसा चालेल, कारण घरातल्या डब्यावर तो असतोच.

नको: आडवेतिडवे ओरखडे, सगळीकडे सारखी चमक, काळवंडलेलं ॲल्युमिनियम.

३. खटका, जवळून

डब्याच्या उजव्या बाजूचा खटका, मॅक्रो फोटो. तारेचं कडं झाकणाच्या ओठावर अडकलेलं, खालची जीभ दाबून पट्टीला टेकलेली, म्हणजे खटका पूर्ण बंद. खिळीचं डोकं गोल, थोडं ठोकलेलं. जिभेच्या टोकाशी वापराने घासलेली उजळ रेघ. झाकण आणि वरचा पूड यांच्यामधली फट फोकसमध्ये, मागचं सगळं धूसर. स्क्रू, स्प्रिंग, प्लास्टिक काहीही नको.

४. उघडलेला डबा

कार्यालयातलं लाकडी टेबल, दुपारचा दीड. पूड सुटे करून एका ओळीत: पोळ्या, मटकीची उसळ, वरणभात. पट्ट्यांचा सांगाडा शेजारी उभा. झाकण उलटं, त्यात लोणच्याची फोड. पुडांची मापं पहिल्या फोटोसारखीच.